घरातले कागद : वाटणीच्या बोलण्याची नोंद

वाटणीची बैठक हल्ली बऱ्याच घरांत फोनवर रेकॉर्ड होते. एक भाऊ बडोद्यात, बहीण पुण्याला, दुसरा भाऊ हैदराबादला. तिघं एकत्र येतात ते दिवाळीला किंवा वडिलांच्या वर्षश्राद्धाला, आणि त्या दोन दिवसांत सगळं बोलणं उरकायचं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "रेकॉर्ड करून ठेवा, मागाहून कोणी शब्द फिरवायला नको." बैठक संपते आणि ते दीड-पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंग घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती येतं. "तू जरा मुद्दे काढून दे. काय ठरलं, काय राहिलं, एवढंच लिही. कोणाची बाजू घेऊ नकोस."

या वेळच्या सदरात तेवढंच एक काम बघू. ऐकताना ते सोपं वाटतं. दोन रकाने करायचे, 'मान्य' आणि 'वाद', आणि भरत जायचं. प्रत्यक्षात 'वाद'चा रकाना फारसा चुकत नाही, कारण जिथे आवाज चढला ती जागा कोणालाही ऐकू येते. चुकतो तो 'मान्य'चा रकाना. जे कोणी ठरवलंच नव्हतं ते त्यात शिरतं, आणि सहा महिन्यांनी भांडण होतं ते नेमकं त्यावरून.

नमुन्यापुरतं एक कुटुंब

बोलायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब कल्पून घेऊ. वडिलांनी १९७८ साली स्वतःच्या पगारातून बडोद्यात घर घेतलं. तळमजला आणि वर एक मजला. २०१९ मध्ये ते गेले, मृत्युपत्र नाही. आई आहे, वय ७८, त्याच घरात थोरल्या मुलाच्या कुटुंबाबरोबर राहते. मधली मुलगी पुण्याला, धाकटा मुलगा हैदराबादला. सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर वडिलांबरोबर चुलत्यांचीही नावं आहेत. एक मुदत ठेव आहे, तिला थोरला नॉमिनी आहे. आणि आईचे दागिने.

बैठकीला चौघं होते. रेकॉर्डिंग एक तास चाळीस मिनिटांचं. नोंद करायला दिली पुण्याच्या ताईच्या मुलीला.

आता ही मुलगी त्रयस्थ आहे का? नाही. तिच्या आईचा हिस्सा त्यात आहे. पण घरात खरा त्रयस्थ सहसा मिळत नाही, त्यामुळे तसं सोंग आणण्यापेक्षा नोंदीच्या वरच सरळ लिहावं : "नोंद करणारी : बहिणीची मुलगी." आणि दुसऱ्या घरातल्या कोणीतरी, इथे थोरल्याच्या मुलाने, तेच रेकॉर्डिंग ऐकून नोंद ताडून पाहावी. त्याचंही नाव वर यावं. दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी एकच वाक्य ऐकलं असेल, तर त्यावर पुढे कोणी बोट ठेवत नाही.

रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर सुरुवातीच्या मिनिटभरात दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. प्रत्येकाने आपलं नाव सांगून "रेकॉर्डिंगला माझी हरकत नाही" असं म्हणावं. फोनवरून जोडलेला माणूस यात हमखास राहून जातो. दुसरं, "हे बोलणं आपसांत मार्ग काढण्यासाठी आहे, कोर्टात पुरावा म्हणून कोणी वापरायचं नाही," हे सगळ्यांनी मान्य करावं. अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात ग्राह्य धरली जात नाही, असा आपल्या पुरावा कायद्याचा नियम आहे. ही अट बोलून ठेवली की माणसं जरा मोकळेपणाने बोलतात.

दोनदा ऐकायचं

पहिल्यांदा ऐकताना फक्त वेळ आणि विषय लिहावा : "०३:१० घराची दुरुस्ती, १२:४० घर विकणं, ३१:०५ शेतजमीन, ४४:२० पुन्हा दुरुस्ती." वाटणीचं बोलणं सरळ रेषेत जात नाही. दुरुस्तीचा विषय चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी माणूस थोडं वेगळं बोलतो. पहिलं वाक्य सापडलं की तेच त्याचं मत धरून पुढे गेलं, तर तासाभराने त्याने घातलेली अट सुटून जाते.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त निर्णयाची वाक्यं शब्दशः उतरवावीत, वेळेसकट. सगळं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला दोन-तीन दिवस जातील, आणि त्याची गरजही नसते. दोघं एकदम बोलत असतील आणि कळत नसेल तर "अस्पष्ट" लिहावं, अंदाजाने वाक्य पुरं करू नये. मध्ये गुजराती शब्द आला तर तो तसाच ठेवावा.

'मान्य' कशाला म्हणायचं

बाराव्या मिनिटाला असं बोलणं आहे असं समजा.

थोरला म्हणतो, "घर विकायचं नाही, एवढं तर सगळ्यांना मान्य आहे ना?"

ताई म्हणते, "आई आहे तोवर तर नाहीच."

आई म्हणते, "माझ्या डोळ्यांदेखत नको रे बाबा."

धाकटा म्हणतो, "ठीक आहे, बघू. आधी जमिनीचं बोलून घेऊ."

घाईत लिहिणारा इथे लिहील, "घर न विकण्यावर एकमत." यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या गेल्या. थोरल्याने मुदत घातलीच नाही, म्हणजे त्याच्या मते घर कधीच विकायचं नाही. ताई आणि आई यांनी आईच्या हयातीपुरतं सांगितलं. आणि धाकट्याने काहीच सांगितलेलं नाही. 'बघू' हा आपल्या घरांत नकार टाळायचा शब्द आहे, आणि 'ठीक आहे' हा बऱ्याचदा फक्त "ऐकलं" एवढ्या अर्थाचा.

तेव्हा कसोटी अशी ठेवावी. एखादा मुद्दा 'मान्य' तेव्हाच, जेव्हा प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने होकार दिलेला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो, आणि सगळ्यांच्या होकाराचा विषय एकच आहे. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मान हलवलेली रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. हसून विषय बदलला तर तोही होकार नव्हे.

या कसोटीने वरच्या बोलण्यातून एवढंच निघतं : आईच्या हयातीत घर विकू नये असं आई, थोरले आणि बहीण यांचं म्हणणं, धाकट्यांचं उत्तर बाकी, आईनंतर काय, यावर फक्त थोरले बोलले. एकमत असलेली एक ओळ जाऊन तिथे एक उघडा प्रश्न आला. थोरल्याला ते आवडणार नाही. पण धाकट्याला आठ दिवसांनी "तुझं उत्तर बाकी आहे" असं विचारता येतं, आणि "तू तेव्हा मान्य केलं होतंस" असं वर्षाने ऐकवण्याची वेळ येत नाही.

अटी असतील तर त्यासाठी वेगळा रकाना हवा. "आई इथेच राहू दे, पण तिच्या औषधपाण्याचा खर्च तिघांनी वाटून घ्यायचा," असं कोणी म्हणालं तर पहिला भाग 'मान्य'मध्ये आणि दुसरा भाग कुठेच नाही, असं करू नये. अट काढली की होकार तोच राहत नाही.

एक वाद उलगडून पाहू

आता 'वाद'च्या रकान्यातला एक मुद्दा. थोरला म्हणतो, "घरावर मी अकरा लाख घातलेत." ताई म्हणते, "सगळे तुझे नव्हते, बाबांनी चार लाखांची ठेव मोडली होती." धाकटा म्हणतो, "आणि इतकी वर्षं भाडं न देता राहिलास, ते नको का धरायला?" थोरला म्हणतो, "मी इथे राहिलो म्हणून आई-बाबांचं झालं." इथून आवाज चढतात, पुढची वीस मिनिटं तेच.

नोंदीत "दुरुस्तीच्या खर्चावरून वाद" अशी एक ओळ लिहिली तर ती खोटी नाही, पण कोणाच्या उपयोगाचीही नाही. पुढच्या बैठकीत तीच वीस मिनिटं पुन्हा घडतील. रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं तर त्यात चार वेगळे प्रश्न दिसतात.

पहिला, खर्च एकूण किती झाला? हे बिलांवरून आणि ठेकेदाराच्या हिशेबावरून कळेल. दुसरा, पैसे कोणाच्या खात्यातून गेले? हे २०१६ सालच्या पासबुकांवरून कळेल, वडिलांच्या आणि थोरल्याच्या. बँका जुने व्यवहार कायम जपून ठेवत नाहीत, म्हणून हा शोध आधी घ्यावा. या दोन्ही प्रश्नांवर भांडायची गरजच नाही. हे मत नव्हे, ही माहिती आहे. ती 'कागद पाहून ठरेल' या रकान्यात जाते, आणि समोर कोण शोधणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहायचं.

तिसरा प्रश्न, थोरल्याचे जे पैसे निघतील ते त्याला कसे द्यायचे? घातले तेवढेच, की आजच्या किमतीच्या हिशेबाने, की राहण्याचा फायदा वजा करून? हा खरा मतभेद. कोणताही कागद याचं उत्तर देत नाही, ते भावंडांनाच ठरवायचं आहे.

चौथा, आई-वडिलांची सेवा. थोरल्याने त्याचे पैसे मागितलेले नाहीत, ते इतरांनी ऐकून घ्यावं असं त्याचं म्हणणं आहे. रेकॉर्डिंगमध्ये कोणीही त्याला "तू केलंस, हे खरं" असं म्हटलेलं नाही, आणि कोणी नाकारलेलंही नाही. नोंदीत ते तसंच येऊ द्यावं : "थोरल्यांचे म्हणणे : आई-वडिलांची देखभाल आपण केली, याची दखल घेतली जावी. यावर इतरांनी काही म्हटले नाही." ही ओळ गाळली तर थोरल्याला वाटेल आपलं ऐकलंच नाही. आणि तिला रुपयांचा आकडा लावला, तर जे त्याने मागितलं नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखं होईल.

एका वादाचे असे चार तुकडे केल्यावर खरा वाद एकच उरला. बहुतेक घरांच्या नोंदींत हेच दिसतं. भांडण मोठं वाटतं, कारण माहितीचे प्रश्न आणि मनाचे प्रश्न एकाच आवाजात बोलले जातात.

शब्द

बाजू न घेता लिहायचं म्हणजे मुख्यतः क्रियापदं सांभाळायची. एकाने 'सांगितलं' आणि दुसऱ्याने 'दावा केला' असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणारा कोणावर विश्वास ठेवतो. 'कबूल केलं' या शब्दात गुन्ह्याचा वास आहे. 'अडून बसला' म्हणजे तर निकालच दिला. सगळ्यांसाठी एकच ठेवावं : "यांचे म्हणणे".

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला जाणवत नाही. आपण सहज लिहितो, "मामा म्हणाले, आई म्हणाली, धाकटा मामा म्हणाला." मोठ्याला आदरार्थी बहुवचन, बाकीच्यांना एकवचन. बोलण्यात ते प्रेमाचं असतं, पण कागदावर त्यातून एकाचं वजन वाढतं. नोंदीत सगळे आदरार्थी लिहावेत, नावानिशी, "श्री." आणि "श्रीमती" लावून, मामा, काका, आत्या ही नाती तिथे नकोत. इथे मी नावांच्या जागी नाती वापरतो आहे, कारण हे कुटुंब कल्पित आहे.

आरोपाचं वाक्य घटनेच्या वाक्यात उतरवावं. "दादाने तळमजला बळकावला" याचं "तळमजल्याचा वापर सध्या थोरले बंधू करतात, धाकट्या बंधूंचे म्हणणे, याविषयी त्यांना विचारण्यात आले नव्हते." तक्रार गेली नाही, फक्त शिवी गेली. आणि दोन्ही बाजूंची लांबी साधारण सारखी ठेवावी. ताईचं म्हणणं पाच ओळींत आणि मामाचं एका ओळीत, असं झालं की कितीही गोड शब्द वापरले तरी कल लपत नाही.

कायदा कुठे लिहायचा

पस्तिसाव्या मिनिटाला थोरला म्हणतो, "ताईला लग्नात दिलंच आहे, जमिनीत कशाला?" ताई म्हणते, "मला जमीन नकोच आहे, पण असं बोलू नकोस." हे कुठे लिहायचं? "बहिणीने जमिनीतला हक्क सोडला" असं तर नक्कीच नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि रागात म्हटलेलं "नकोच" हे हक्कसोडपत्र नव्हे.

पण ताईला आपला हक्क माहीत आहे का, हा वेगळा प्रश्न. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्नात काय दिलं, याने तो हक्क कमी होत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती मात्र मोडत नाही.

लिहिणाऱ्याने हे नोंदीत घुसवलं तर थोरला म्हणेल, भाची आईच्या बाजूने वकिली करते आहे. गाळलं तर ताई न कळता होकार देऊन बसेल. दोन्ही टाळायचं तर कायद्याचा कागद वेगळा करावा. बैठकीतून निघालेले कायद्याचे प्रश्न साध्या भाषेत लिहून, तिघांनाही चालेल अशा एका वकिलाकडे द्यावेत आणि लेखी उत्तर सगळ्यांना एकाच दिवशी पाठवावं. ते हाती आल्याशिवाय कोणाकडूनही 'मान्य'वर शिक्कामोर्तब घेऊ नये. मुदत ठेवीचाही प्रश्न त्यातच जातो : थोरला नुसता नॉमिनी आहे की ठेव दोघांच्या संयुक्त नावाची? नॉमिनीला बँक पैसे देते, पण तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही, इतर वारसांचा हिस्सा राहतो.

आता या रेकॉर्डिंगमधली सर्वात महत्त्वाची जागा. तिथे कोणाचाही आवाज चढलेला नाही. सत्तावन्नाव्या मिनिटाला थोरला म्हणतो, "घराचे तीन सारखे हिस्से, यात तर वाद नाही." ताई म्हणते, "नाही." धाकटा म्हणतो, "नाही." आई म्हणते, "तुम्ही तिघं ठरवाल ते."

सगळं मान्य! पण घर वडिलांनी स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र नाही. अशा घरात पत्नी, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस असतात आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा असतो. म्हणजे हिस्से तीन नाहीत, चार आहेत, आणि चौथा आईचा आहे. कोणी तो हिरावून घ्यायचं म्हटलेलं नाही. तिघांच्याही मनात 'आई आपल्याबरोबरच आहे' असं असणार. पण नोंदीत "तीन सारखे हिस्से : सर्वांना मान्य" असं लिहिलं, तर आईचा पाव हिस्सा एका ओळीत नाहीसा झाला, आणि तोही तिच्याच होकाराने. उद्या तिघांचं बिनसलं तर त्या घरात राहायला तिच्याजवळ स्वतःचं काय आहे, हा प्रश्न तेव्हा विचारला जाईल.

म्हणून नोंदीत एक पाचवा रकाना हवा : 'बोलणं झालं नाही'. त्यात जे कोणी बोललंच नाही ते लिहायचं, फक्त आठवण म्हणून. उपाय सुचवायचा नाही.

नोंद अशी दिसेल

*चर्चेची नोंद. हे वाटणीपत्र नाही. या कागदाने कोणाचाही हक्क निर्माण होत नाही, कमी होत नाही किंवा सुटत नाही.*

*नोंद करणारी : बहिणीची मुलगी. ताडून पाहणारा : थोरल्या बंधूंचा मुलगा.*

*अ. चौघांनी स्पष्टपणे मान्य केलेले*

१. घर वडिलांनी १९७८ मध्ये स्वतःच्या उत्पन्नातून घेतले. मृत्युपत्र आढळलेले नाही. (०२:१५)

२. २०१६ मध्ये गच्ची, नळ आणि वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर यांची दुरुस्ती झाली. (०३:१०)

३. सातारा जिल्ह्यातील जमीन चौघांपैकी कोणीही स्वतः कसणार नाही. (३१:०५)

४. दागिने आईचे आहेत, ते या चर्चेत धरायचे नाहीत. (१:२२:३०)

*आ. अटीसह मान्य*

५. आईने सध्याच्या घरातच राहावे. धाकट्या बंधूंची अट : औषधांचा खर्च तिघांनी वाटून घ्यावा. बहिणीची अट : आईची खोली तळमजल्यावरच राहावी. या अटींवर थोरल्या बंधूंचे उत्तर बाकी. (१:०४:००)

*इ. मतभेद*

६. थोरल्या बंधूंनी केलेल्या खर्चाची भरपाई. थोरल्यांचे म्हणणे : घातलेली रक्कम आजच्या किमतीने मिळावी. धाकट्यांचे म्हणणे : भाडे न देता राहण्याचा फायदा वजा व्हावा. बहिणीचे म्हणणे : घातली तेवढीच रक्कम मिळावी. (४४:२०)

७. जमीन विकावी की ठेवावी. धाकट्यांचे म्हणणे : विकावी. थोरल्यांचे म्हणणे : गावचे नाव राहावे म्हणून ठेवावी. बहीण यावर बोलल्या नाहीत. (३३:४०)

*ई. कागद पाहून ठरेल*

८. दुरुस्तीचा एकूण खर्च आणि तो कोणत्या खात्यांतून झाला. बिले थोरले बंधू, वडिलांची पासबुके बहीण, महिनाअखेरपर्यंत.

९. सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत, वडिलांनंतर वारसनोंदीचा फेरफार झाला आहे का. धाकटे बंधू, महिनाअखेरपर्यंत.

१०. मुदत ठेव कोणाच्या नावे, नॉमिनी की संयुक्त खाते. थोरले बंधू, महिनाअखेरपर्यंत.

*उ. उत्तर बाकी किंवा बोलणे झाले नाही*

११. आईच्या हयातीत घर विकू नये : धाकट्या बंधूंचे उत्तर बाकी. (१२:४०)

१२. थोरल्यांचे म्हणणे : आई-वडिलांची देखभाल आपण केली, याची दखल घेतली जावी. यावर इतरांनी काही म्हटले नाही. (४६:१०)

१३. तिघा भावंडांनी घराचे "तीन हिस्से" असे म्हटले. आईचे म्हणणे : "तुम्ही तिघं ठरवाल ते." आईच्या स्वतःच्या हिश्शाविषयी बोलणे झाले नाही. (५७:००)

पाठवताना आणि सही करताना

नोंद चौघांना एकाच वेळी पाठवावी. आधी थोरल्याला दाखवून मग इतरांना, असं झालं की तिच्यावरचा विश्वास गेला. आईला व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, शेजारी बसून वाचून दाखवावी, आणि त्या वेळी मुलांपैकी एकच जण बाजूला असू नये. आठ दिवसांची मुदत द्यावी. प्रत्येकाने फक्त स्वतःचं म्हणणं दुरुस्त करायचं, दुसऱ्याचं नाही. कोणाचं मत मधल्या काळात बदललं असेल तर जुनी ओळ खोडू नये, खाली तारीख घालून नवी ओळ लिहावी. बैठकीत काय बोलणं झालं आणि आज काय वाटतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

सही घ्यायची तर "माझे म्हणणे बरोबर लिहिले आहे" एवढ्याखालीच. "घर आजपासून थोरल्याचे" अशी वाक्यं आणि खाली चौघांच्या सह्या असं झालं, तर तो कागद नुसती नोंद राहत नाही. ज्या कागदानेच स्थावर मालमत्तेतला हक्क बदलतो, त्याला मुद्रांक आणि नोंदणी लागते. नसेल तर हक्क सिद्ध करायला तो चालत नाही. आधी तोंडी झालेल्या कौटुंबिक समझोत्याची मागाहून केलेली नुसती आठवण-नोंद यातून सुटते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे खटल्यात म्हटलं आहे. पण कोणता कागद कोणत्या बाजूला पडतो, हे शब्दांवर ठरतं. म्हणून अंतिम वाटणीपत्र वकिलाने लिहावं आणि आपली नोंद त्याच्या हाती द्यावी.

मालमत्ता गोव्यात असेल तर या नोंदीत माणसं वाढतात. तिथल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतर बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे सून आणि जावई यांच्या होकारावाचून 'मान्य'चा रकाना पुरा होत नाही. बैठकीला तेही बोलवावेत.

पुढच्या बैठकीला काय घ्यायचं, ते नोंदच सांगते. अ वाचून घ्यायचा, बोलायचं नाही. ई मधले कागद टेबलावर ठेवायचे. मग उ, आणि शेवटी इ. आमच्या नमुन्यातल्या कुटुंबाने सुरुवात तेराव्या मुद्द्यापासून करावी. हिस्से चार आहेत हे एकदा सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, की आई त्या खोलीत चौथी हिस्सेदार म्हणून बसेल. मग "तुम्ही तिघं ठरवाल ते" असं तिला पुन्हा म्हणावंसं वाटलं तर तिने खुशाल म्हणावं. त्या वेळी तो तिचा निर्णय असेल, आणि तो नोंदीत तिच्या नावाने जाईल.